चिडवायचं नाव बंद करायचंय? आधी कोणाशी बोलायचं, काय बोलायचं आणि नंतर काय सांभाळायचं

हे काम बहुतेक जण चुकीच्या क्षणी करतात. वर्षानुवर्षं ऐकून घेतात, सगळ्यांबरोबर हसतात, आणि मग एखाद्या लग्नात नाहीतर गेट-टुगेदरला दहा जणांसमोर कोणीतरी परत ते नाव घेतं आणि यांचा एकदम भडका उडतो. सगळे गप्प, कोणीतरी म्हणतं "अरे एवढं काय त्यात", आणि पुढे सहा महिने त्या नावासोबत भडक्याचाही किस्सा चालतो. दुसरे काही जण रात्री बाराला ग्रुपवर भला मोठा मेसेज टाकतात, सकाळी त्यावर तीन अंगठे आणि एक हसणारा इमोजी असतो, आणि दुपारी परत तेच नाव. तिसरे हसत हसत सांगतात, "बास की आता", तर समोरच्याला वाटतं हाही गमतीचाच भाग आहे.

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरण एकच घेतो आणि तेच शेवटपर्यंत नेतो, म्हणजे प्रत्येक पायरीवर नक्की काय बोलायचं ते कळेल. माझ्या ओळखीतला एकजण आहे, पस्तिशीतला. पाचवीत शाळेच्या सहलीला गेला असताना रात्री घरची आठवण येऊन बसमध्ये रडला होता. तेव्हापासून शाळेच्या ग्रुपमध्ये तो 'रड्या'. कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं, नाव तेच, आणि वर्षातून दोनदा भेटले की सहलीचा तो किस्साही नव्याने आलेल्या प्रत्येक माणसाला सांगितला जातो. इतकी वर्षं त्याला फार काही वाटलं नव्हतं. मग त्याच्याच घरच्या वास्तुशांतीला मित्रांनी सहा वर्षांच्या मुलीसमोर ते नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेची बॅग भरताना सहज म्हणाली, "रड्या बाबा". तिथे त्याने ठरवलं की आता हे बंद.

१. आधी स्वतःशी ठरवा: नक्की काय बंद व्हायला हवंय

ही पायरी लोक सोडून देतात आणि नंतर अडकतात. चिडवण्यात बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक म्हणजे नाव आणि दुसरा त्यामागचा किस्सा. तुम्ही फक्त "ते नाव घेऊ नका" म्हणालात तर मित्र नाव सोडतील आणि पुढच्या भेटीत किस्सा सांगतील, "याला काय म्हणायचो माहितीये का, आता म्हणत नाही हां, पण एकदा सहलीला..." आणि तुम्ही परत तिथेच. काहींना किस्सा चालतो, फक्त रोज त्या नावाने हाक नको असते. काहींचं बरोबर उलट. आपलं कुठलं ते आधी ओळखा.

मग कुठपर्यंत बंद हवंय ते ठरवा. इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे अर्धी मागणी करणं. "बायकोसमोर नको", "ऑफिसच्या लोकांसमोर नको", "पोरांसमोर नको". ऐकायला समजूतदार वाटतं, पण असं नाव आपापसात जिवंत राहतं आणि जे तोंडात बसलंय ते बायको आली म्हणून आपोआप बंद पडत नाही. शिवाय प्रत्येक वेळी समोरच्याने आधी इकडेतिकडे बघून मग बोलायचं, हे कोणाकडूनच होत नाही. तुम्हाला ते नाव खरंच नको असेल तर सगळीकडेच नको म्हणा, ते पाळायला त्यांनाही सोपं जातं. अर्धी मागणी फक्त घरातल्या मोठ्या माणसांसाठी ठेवा, त्याबद्दल पुढे येईलच.

आणि त्या जागी काय म्हणायचं तेही ठरवा. पंचवीस वर्षं ज्याने तुम्हाला एकाच नावाने हाक मारली त्याच्या तोंडात तुमचं खरं नाव पटकन येत नाही, तो अडखळतो आणि अडखळला की जुनंच बाहेर पडतं. खरं नाव, आडनाव, नावाचं छोटं रूप, जे चालेल ते एक नक्की करा.

*चेक:* हे एका वाक्यात कागदावर लिहून बघा. आपल्या मित्राचं वाक्य होतं, "रड्या हे नाव आणि सहलीचा किस्सा, दोन्ही कुठेच नको, मला आडनावाने हाक मारा." तुमचं वाक्य तीन ओळींचं होत असेल तर अजून ठरलेलं नाही.

२. तुम्ही स्वतः ते नाव कुठे वापरताय ते साफ करा

बोलायला जाण्याआधी हे झालंच पाहिजे, कारण समोरचा पहिला मुद्दा हाच काढतो की "तूच तर वापरतोस". कॉलेजात उघडलेल्या ईमेल आयडीत ते नाव असतं, इन्स्टाग्रामच्या हँडलमध्ये असतं, क्रिकेटच्या टी-शर्टवर पाठीमागे छापलेलं असतं, जुन्या मित्राला फोन केल्यावर आपणच "अरे मी रड्या बोलतोय" म्हणतो. हँडल बदला, ईमेल लगेच बदलणं शक्य नसेल तर निदान दिसणारं नाव बदला, आणि फोनवर स्वतःची ओळख नवीन पद्धतीने द्यायला लागा. नावावर हसणंही इथेच बंद करायचं. कोणी नाव घेतलं की रागवायचं नाही आणि हसायचंही नाही, नुसतं विषयावर बोलायचं. बोलणं होण्याआधी दोनेक आठवडे हे केलंत तर समोरच्याला थोडीफार चाहूल लागलेली असते आणि तुमचं म्हणणं आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही.

३. नाव चालवतं कोण ते शोधा

ग्रुपमध्ये वीस जण ते नाव घेत असतील तरी चालवणारे एक नाहीतर दोन असतात. बाकीचे त्यांच्यामागून घेतात. त्या एकाने सोडलं तर बऱ्याच जणांचं आपोआप सुटतं आणि त्याने नाही सोडलं तर बाकीच्या अठरांना सांगून काही होत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

अंदाजावर जाऊ नका, कारण आपल्याला ज्याचा राग जास्त असतो त्याच्यावरच आपलं बोट जातं. व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडा, वरच्या मेनूतून सर्चमध्ये जा आणि ते नाव टाइप करा, आधी देवनागरीत आणि मग इंग्रजी अक्षरांत जशी जशी स्पेलिंग मित्र करतात तशी. कोणाचे मेसेज जास्त येतात ते बघा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चर्चेत नाव पहिल्यांदा कोण काढतं आणि नुसतं मागून हसणारं कोण ते बघा. आपल्या मित्राला इतके दिवस वाटत होतं की हे सगळं एका टवाळ मुलाचं काम आहे, पण सर्चमध्ये दिसलं की जवळपास प्रत्येक वेळी सुरुवात त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्राने केलेली, ज्याच्याबरोबर तो बाकावर बसायचा. तो ते चिडवायला म्हणत नव्हता, त्याच्यासाठी तेच नाव होतं. टवाळ मुलगा फक्त त्यावर हसण्याचं काम करायचा.

याचा पुढच्या बोलण्यावर मोठा फरक पडतो. जो प्रेमाने म्हणतो त्याच्यावर आरोप केला तर तो दुखावतो आणि बचावाला लागतो. त्याला फक्त सांगायचं असतं.

*सावधान:* हे स्क्रीनशॉट काढून ठेवून समोर टाकू नका. शोधाशोध तुमच्या माहितीसाठी आहे. मित्रासमोर पुरावे ठेवले की तो मित्र राहत नाही, आरोपी होतो. ऑफिस किंवा कॉलेजचं प्रकरण वेगळं, ते आठव्या पायरीत.

४. वेळ आणि जागा

एकट्याशी बोलायचं हा पहिला नियम. तिसरा माणूस असला की समोरच्याला त्याच्यासमोर आपली बाजू राखायची असते आणि तो जोक करून सुटतो.

नाव घेतल्या घेतल्या लगेच बोलू नका, तेव्हा तुमचा आवाज चढलेला असतो. बसलेलं असताना तर अजिबात नको, ग्लास हातात असताना दिलेला शब्द सकाळी कोणाच्या लक्षात नसतो, आणि तुम्ही काय बोललात त्याचंही दुसऱ्या दिवशी वेगळंच व्हर्जन तयार होतं. पुढची मोठी भेट असेल, कोणाचं लग्न, बारसं, शाळेचं रियुनियन, तर त्याच्या आदल्या दिवशी नको, आठ-दहा दिवस आधी बोला म्हणजे नवीन नाव तोंडात बसायला त्याला थोडा वेळ मिळतो.

एकत्र चालताना किंवा गाडीत शेजारी बसलेलं असताना हे बोलणं सोपं जातं, कारण सतत डोळ्यात डोळे घालून बसावं लागत नाही. समोरासमोर टेबलावर "मला तुझ्याशी बोलायचंय" म्हणून बोलावलंत तर त्याला वाटतं पैशाचं काहीतरी आहे किंवा आजारपण आहे, आणि मग नावाचं निघाल्यावर त्याला ते फारच किरकोळ वाटतं. मित्र दुसऱ्या गावात किंवा परदेशात असेल तर फोन करा. व्हॉइस नोट नको, ती फॉरवर्ड होते. मेसेज अगदीच नाइलाज असेल तर, कारण मेसेजमध्ये आवाज कळत नाही आणि वाचणारा तो आपल्या मनातल्या आवाजात वाचतो, बहुतेक वेळा तुमच्या खऱ्या आवाजापेक्षा जास्त रागीट.

५. प्रत्यक्ष बोलणं

वाक्यात तीनच गोष्टी हव्यात: काय नको, आजपासून नको, आणि त्याऐवजी काय. कारण द्यावंसं वाटलं तर एक ओळ द्या, त्याहून जास्त नाही. कारणं वाढवली की प्रत्येक कारणावर वाद होऊ शकतो, आणि समोरचा मग एखादं कमकुवत कारण पकडून त्यावरच बोलत बसतो.

आपल्या मित्राने गाडीत असं सांगितलं: "ऐक ना, एक सांगायचंय. मला रड्या म्हणणं बंद कर आता, तो सहलीचा किस्सा पण नको. आडनावाने हाक मार. पोरगी घरात म्हणायला लागलीये आणि मला ते नकोय."

एवढंच. आणि मग गप्प बसायचं. हा गप्प बसण्याचा भाग सगळ्यात अवघड आहे, कारण दोन सेकंदांची शांतता झाली की आपल्याला कसंतरी होतं आणि आपण स्वतःच म्हणून टाकतो, "म्हणजे राग नको मानूस हां, तसं काही विशेष नाही, गंमतीत ठीकच आहे पण..." आणि सांगितलेलं सगळं तिथेच पुसलं जातं. 'गंमतीत ठीक आहे' हे शब्द तर तोंडातून काढूच नका, समोरच्यासाठी ती परवानगीच असते, कारण तो कधीही गंमतीतच म्हणत असतो.

जुना हिशोबही काढायचा नाही. "तुझ्या साखरपुड्याला पण म्हणालास, माझ्या सासऱ्यांसमोर पण म्हणालास" हे सगळं खरं असेल, पण ते निघालं की बोलणं मागे जातं आणि तुम्हाला तर पुढचं हवंय.

उत्तरं साधारण ठरलेली येतात, तयारी करून जा.

"अरे इतकी वर्षं म्हणतोय, आजच काय झालं?" यावर: "तेव्हा चालत होतं, आता नको वाटतं." याहून खोल जायची गरज नाही. आधी चालत होतं म्हणजे कायम चालायला हवं असं नसतं, आणि आधी हसलो म्हणून स्पष्टीकरण देत बसायचं नाही.

"मी प्रेमाने म्हणतो रे." यावर: "माहितीये मला. म्हणूनच तुला आधी सांगतोय." हे खरं असेल तरच म्हणा.

"बायकोने सांगितलं वाटतं." यावर: "मी सांगतोय." दोन शब्द. बायकोची बाजू घ्यायला लागलात तर पुढचा अर्धा तास तिच्याबद्दल बोलण्यात जातो आणि ग्रुपमध्ये तिचंच नाव खराब होतं.

"सवय आहे, वेळ लागेल." हे चांगलं उत्तर आहे, याला अडवू नका. "चालेल, चुकलास तर मी आठवण करून देईन" म्हणा. यात तुम्हाला पुढे टोकायची परवानगीही मिळून जाते.

आता सगळ्यात वाईट सापळा. काही नावं अशी असतात की त्यांना विरोध केला की तीच सिद्ध होतात. रड्या म्हणू नको म्हटलं की "बघ, रडायला लागला". चिडकी म्हणू नको म्हटलं की "चिडली". भित्रा, नखरेल, तापट, 'मॅडम', सगळी याच जातीची. आपल्या मित्राला नेमकं हेच ऐकायला लागलं, जवळच्या मित्राने पहिल्यांदा हसून तेच म्हटलं. इथे तीन गोष्टी करून चालत नाही: हसणं, चिडणं, आणि "मी रडत नाहीये" असं पटवून देणं. हसलात तर गंमत ठरते, चिडलात तर नाव खरं ठरतं, पटवायला गेलात तर तुम्ही त्या शब्दाच्या मैदानात खेळताय. त्याऐवजी पहिलं वाक्य तसंच्या तसं, त्याच आवाजात, परत म्हणायचं. "रड्या नको. आडनावाने हाक मार." एक शब्द जास्त नाही, आवाज वर नाही, खाली नाही. दुसऱ्यांदा तेच वाक्य आलं की बहुतेक माणसांना कळतं की हे वेगळं चाललंय. आपला मित्र दुसऱ्यांदा म्हणाला, त्यावर समोरचा थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सिरियस आहेस होय? बरं."

*चेक:* "बरं" वर सोडू नका. बोलणं संपायच्या आत त्याच्या तोंडून नवीन नाव एकदा यायला हवं. सहज विचारा, "मग काय म्हणशील?" त्याने ते म्हटलं की काम झालं, लगेच विषय बदला, चहाला थांबा, काहीही करा, पण त्याच विषयावर रेंगाळू नका.

६. पुढचे काही आठवडे: चुकणं आणि मुद्दाम करणं यातला फरक

एकदा सांगितलं की संपलं असं समजणं ही चूक, आणि पहिल्याच चुकीला "तुला सांगून पण उपयोग नाही" म्हणणं त्याहून मोठी चूक. जुनी हाक जिभेवर बसलेली असते. चार-पाच वेळा निसटणारच.

निसटलं तर फक्त बरोबर नाव म्हणायचं, तेही पुढच्या बोलण्यात मिसळून, आणि पुढे जायचं. लेक्चर नाही. फोनवर त्याने चुकून म्हटलं तर आडनाव सांगून "हां बोल" म्हणायचं. ग्रुपवर टाइप केलं तर तिथे काही लिहू नका, त्याला पर्सनलवर एक ओळ टाका, तो बहुतेक वेळा मेसेज डिलीट करून परत टाकतो.

मुद्दाम आहे का ते ओळखायची खूण त्याच्या नजरेत असते. ज्याचं निसटतं तो तुमच्याकडे बघतो, ओशाळतो, कधी जीभ चावतो. जो मुद्दाम म्हणतो तो नाव घेऊन बाकीच्यांकडे बघतो, कोण हसतंय ते. हे दोन-तीनदा दिसलं तर त्याला निसटणाऱ्यांच्या यादीतून काढा आणि सातव्या पायरीकडे न्या.

एक साधी गोष्ट अजून, त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह आहे ते विचारा. रड्या म्हणूनच असेल तर प्रत्येक कॉलला स्क्रीनवर तेच दिसणार आणि तोंडातही तेच येणार, शिवाय तो तुमचा कॉन्टॅक्ट कोणाला शेअर करेल तेव्हा त्याच नावाने जाणार. आपल्या मित्राने समोरच बदलून घेतलं, मिनिटभराचं काम होतं आणि उपयोग मात्र खूप झाला.

ग्रुपचं काय? पहिल्या माणसाला सांगून आठवडाभर जाऊ द्या. त्याने ग्रुपवर नवीन नावाने तुम्हाला दोनदा टॅग केलं तरी अर्धे लोक न सांगता बदलतात. त्याला तशी विनंतीही करता येते, "ग्रुपवर तू आडनावाने बोल, बाकीचे आपोआप येतील." मग जे उरतील त्यांना एकेकट्याने सांगा, तेच वाक्य. सगळ्यांसाठी ग्रुपवर मेसेज टाकायचाच असेल तर शेवटी टाका, जेव्हा निम्मे लोक आधीच तुमच्या बाजूने असतील, आणि तो दोन ओळींचा असू द्या. आपल्या मित्राचा असा होता: "मंडळी, रड्या आता बंद करूया. पोरगी मोठी होतेय, आडनावाने हाक मारा." खाली जवळच्या मित्राने लगेच आडनाव घेऊन पुढच्या भेटीची तारीख विचारली आणि विषय पुढे गेला. हे त्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं, कारण अशा मेसेजनंतर पहिली प्रतिक्रिया कोणाची येते यावर सगळं ठरतं.

तुमच्या फोटोचा स्टिकर बनवलेला असेल तर तो तुमच्या फोनमधून काढून उपयोग नाही, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह असतो. ज्याने बनवला आणि जो सारखा पाठवतो त्या दोघांना वेगळं सांगून काढायला लावा. ग्रुप ॲडमिनला दुसऱ्याने टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तेव्हा ॲडमिनला तुमचं म्हणणं आधी माहीत असू द्या.

घरातल्या मोठ्यांचं प्रकरण वेगळं

बाळ्या, बंड्या, चिंगी, ठकी, काळू, जाडी. घरातली नावं बाहेरच्यांपेक्षा जुनी असतात आणि घेणारी माणसं ऐंशीची असतात. इथे वरचा कडक क्रम चालत नाही. आजीला "आजपासून म्हणायचं नाही" सांगितलं तर ती दुखावते, आणि तिला ते लक्षातही राहणार नाही. तिच्याकडे प्रसंग सांगून मागा: "आजी, उद्या मुलीकडचे येणारेत ना, त्यांच्यासमोर मला नावाने हाक मार हां." इथे अर्धी मागणी चालते, आणि जे राहील ते राहू द्यावं असं माझं मत आहे. आजीच्या तोंडातलं बाळ्या आणि मामेभावाच्या तोंडातलं बाळ्या एक नसतं.

रंगावरून किंवा शरीरावरून पडलेलं नाव असेल तर मात्र मोठ्यांनाही सांगावं, कारण ते पुढच्या पिढीतल्या एखाद्या पोरीला तसंच चिकटतं. मामा-काकांशी थेट बोलणं जड जात असेल तर आईला किंवा आत्याला मध्ये घ्या, पण आईला आधी नीट शिकवून, कारण आया बऱ्याचदा जाऊन म्हणतात, "अहो, तिला आवडत नाही हो, फार मनाला लावून घेते ती," आणि मग चिडवायला अजून एक कारण मिळतं. आईला सांगायचं वाक्य एवढंच: "भाऊ, तिला आता नावानेच हाक मारायची."

सासरी नाव पोचलं असेल तर आधी नवऱ्याशी किंवा बायकोशी बोला. ते बहुतेक त्यांच्याच तोंडून दिराकडे, नणंदेकडे गेलेलं असतं, आणि त्यांच्या माणसांना त्यांनीच सांगितलेलं बरं पडतं. आणि तुमच्या लहान मुलाने ते नाव उचललं असेल तर त्याला ओरडू नका, ओरडलात की त्या शब्दाला जादू येते आणि पोरं मुद्दाम म्हणतात. "मला बाबा म्हण" इतकंच, आणि त्या नावाला ओ द्यायची नाही.

७. सांगूनही जो ऐकत नाही

आपल्या मित्राच्या ग्रुपमध्ये तो टवाळ मुलगा थांबला नाही. उलट बाकीच्यांनी सोडल्यावर त्याला जास्त चेव आला. अशा माणसाला दुसऱ्यांदा सांगायचं, परत एकट्याने, आणि यावेळी पुढे काय होईल तेही सांगायचं. "तुला मागे सांगितलं होतं. परत म्हणालास तर मी तिथून निघून जाईन." धमकी अशी द्या जी तुम्ही खरंच करू शकता. "मैत्री तोडीन" म्हणून दुसऱ्या शनिवारी परत भेटलात तर पुढचं काही ऐकलं जाणार नाही.

आणि मग ते झालं की खरंच उठायचं. भाषण नाही, दार आपटणं नाही. जवळच्या मित्राला "निघतो रे" म्हणायचं, आपले पैसे द्यायचे आणि जायचं. आपल्या मित्राने पुढच्या जेवणाला हे केलं, ताट अर्ध्यावर ठेवून. पाठीमागे काय झालं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, बाकीच्यांनी त्या मुलाला झापलं होतं. असं दर वेळी होतंच असं नाही, कधी ग्रुप चिडवणाऱ्याच्याच बाजूने जातो, आणि मग त्या भेटींना जायचं की नाही हे तुम्हाला ठरवावं लागतं.

*सावधान:* त्याचंही एखादं नाव काढून बदला घेऊ नका. त्याला तेच हवं असतं, मग तो म्हणतो "आपण दोघंही चिडवतो, बरोबर झालं" आणि तुमची मागणी संपली.

८. ऑफिस, कॉलेज, आणि जात किंवा शरीरावरून होणारं चिडवणं

इथेही पहिली पायरी साधं सांगणं हीच ठेवता येते, पण सांगितल्याची नोंद राहू द्या. बोलून झाल्यावर त्याच दिवशी छोटा ईमेल किंवा मेसेज: "आज बोललो त्याप्रमाणे, मला अमुक नावाने हाक मारू नये ही विनंती." पुढे कधी कोणी म्हणालं की "आम्हाला कुठे माहीत होतं", तर हे कामाला येतं. तारीख, कोण होतं, नेमके शब्द काय, एवढं वहीत लिहून ठेवा. बॉसच म्हणत असेल तर एकट्याने सांगा आणि कामाला जोडून सांगा, "क्लायंटसमोर नावानेच ओळख करून द्याल का" असं, कारण ते त्याला नाकारायला अवघड जातं.

काही गोष्टी मात्र समजावण्याच्या नसतात, तिथे वरच्या पायऱ्या पूर्ण करत बसायची सक्ती स्वतःवर करू नका. बाईला कामाच्या ठिकाणी लैंगिक अर्थाचं नाव किंवा जोक चिकटवला असेल तर 2013 च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते, 10 किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अशी समिती असायलाच हवी. तक्रार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांच्या आत करायची असते, योग्य कारण असेल तर समिती अजून 3 महिने वाढवून देऊ शकते. म्हणून "बघू पुढच्या वर्षी" असं करू नका.

कॉलेजात जातीवरून, दिसण्यावरून, भाषेवरून किंवा गावावरून चिडवून छळणं हे यूजीसीच्या नियमांप्रमाणे रॅगिंगमध्ये येतं, 2016 च्या दुरुस्तीत हे स्पष्ट लिहिलंय, आणि महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा वेगळा कायदा 1999 पासून आहे. देशभराची हेल्पलाइन 1800-180-5522. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अपंग माणसाला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली. यात "आम्ही तर मस्करी करत होतो" हे ऐकून घेत बसू नका. आधी विश्वासातल्या एकाला सोबत घ्या, वहीतल्या तारखा आणि मेसेज एकत्र करा, इथे स्क्रीनशॉटही ठेवायचे, आणि लेखी तक्रार देताना त्याची पोच घ्या.